दामोदरगुरुजींचा गाल

झाशीत मराठी घरांची श्राद्धं सांगणारे गुरुजी आता एकच उरले होते. त्यामुळे दामोदरगुरुजींना साधी सर्दी झाली तरी गावातल्या निम्म्या मराठी पितरांची पंचाईत व्हायची. नीलकंठरावांच्या वर्षश्राद्धाला गुरुजी मफलर गुंडाळून आले, तेव्हा त्यांचा फक्त नाकाचा शेंडा आणि डोळे दिसत होते.

"काय झालं हो?" परागने विचारलं. आज वडिलांचं सगळं त्याच्याच हातून व्हायचं होतं.

"टॉन्सिल," गुरुजी दात न उघडता म्हणाले. "गिळवत नाही. मेडिकलवाले भैयाजी म्हणाले, टांसिल है पंडितजी, पाच दिन की गोली खा लो. चालू आहे."

त्याची बहीण अलकनंदा चौरंगापाशी दर्भ नीट करत होती. ती मुलांची डॉक्टर. सदर बाजारातल्या तिच्या दवाखान्यात दिवसभर तिला तोंडं उघडायला लावण्याचंच काम असायचं. पण आज तिने दवाखाना बंद ठेवला होता आणि डोक्यातलाही बंद ठेवायचा असं ठरवलं होतं. बाबांच्या वर्षश्राद्धाला तरी निव्वळ मुलगी म्हणून बसावं, एवढीच तिची इच्छा. म्हणून गुरुजी टॉन्सिल म्हणाले तेव्हा तिने मान डोलावली आणि पुन्हा दर्भाकडे वळली.

देवांच्या जागी दर्भाच्या काड्यांना गाठ मारून केलेला चट मांडला होता, कारण दुसरा ब्राह्मण मिळालाच नाही. पितरांच्या जागी, म्हणजे बाबांच्या जागी, दामोदरगुरुजी. संकल्प झाला, पानं वाढली आणि गुरुजींनी मौन धरलं. श्राद्धाच्या पानावरचा ब्राह्मण जेवताना बोलत नाही. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, मीठही मागायचं नाही. शेवटी यजमानाने "तृप्त झालात का?" असं संस्कृतात विचारायचं, त्याने "झालो" म्हणायचं, आणि मग घराने जेवायचं. तोवर बोलायला त्याच्याजवळ एक चेहराच उरतो.

आईने आमसुलाच्या चटणीची वाटी आणली. आमसुलं पुण्याहून मागवलेली, गूळ-जिरं घालून वाटलेली. तिने चमच्याने चटणी पानावर ठेवली आणि गुरुजींचा चेहरा असा काही आक्रसला की आईचा हात तिथेच थांबला.

"बघितलंस?" कमलआत्या भिंतीला टेकून बसली होती. बाबांची थोरली बहीण, ग्वाल्हेरहून कालच आलेली. "नीलू नाराज आहे."

"आत्या, गुरुजींचा घसा दुखतोय," पराग म्हणाला.

"घसा गिळताना दुखतो. यांनी अजून घास तरी घेतलाय का?"

हे बिनतोड होतं. गुरुजींनी आमटीभाताचा घास घेतला, हळू चावला, कळ सोसत गिळला. खिरीला तेवढं काही झालं नाही. मग त्यांनी बोटावर जराशी चटणी घेऊन जिभेला लावली, आणि डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून, कानाखाली तळहात दाबून ते तसेच बसून राहिले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"रडतोय," आत्या म्हणाली. "खीर चालली, आमटी चालली. नेमकं चटणीवर अडलं. काहीतरी सांगायचंय त्याला." ती पुढे सरकली. "नीलू, स्कूटर विकली म्हणून का रे?"

गुरुजींनी नकारार्थी मान हलवायला घेतली, पण निम्म्यावर कळ आली आणि मान तिथेच अडकली.

"निम्मं हो, निम्मं नाही," आत्या म्हणाली. "म्हणजे विकली त्याचं काही नाही, स्वस्तात विकली त्याचं आहे. काय रे पराग?"

"गुरुजींना जेवू दे की गं आत्या."

"त्यांनाच जेवू देतेय. मी बोलतेय ते माझ्या भावाशी."

हे सगळं चाललं असताना आई मात्र गुरुजींच्या चेहऱ्याकडेच पाहत होती. ती वाटी हातात घेऊन उभी होती. अलकनंदाने तिच्याकडे पाहिलं. आईला उत्तर सापडलेलं होतं.

बाबांचं ब्लडप्रेशर वाढल्यावर मीठ तोडायला सांगितलं होतं अलकनंदानेच. अंमलबजावणी आईने केली. लोणच्याची बरणी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. बाबा रोज जेवताना म्हणायचे, "स्नेहलता, नुसती फोड दाखव, खात नाही." आई दाखवायची नाही. अशी तीन वर्षं गेली, आणि मग बाबाच गेले. त्यानंतर कुलूप कोणी काढलं नव्हतं.

आता आईने वाटी खाली ठेवली, कमरेची किल्ली काढली आणि आत गेली. बाहेर आली ती बरणी घेऊन.

"स्नेहलता, श्राद्धाच्या पानावर विकतचा हिंग घातलेलं लोणचं चालत नाही हं," आत्या म्हणाली.

"यांना चालतं," आई म्हणाली. तिने पानासमोर बसून झाकण उघडलं. मुरलेल्या लिंबाचा वास खोलीभर झाला. "घ्या. कितीही घ्या. मी काही म्हणणार नाही."

गुरुजींनी बरणीकडे पाहिलं. त्यांनी हात लावला नाही, घास घेतला नाही, आवंढासुद्धा गिळला नाही. नुसत्या वासाने त्यांच्या तोंडून बारीक हुंकार निघाला आणि दोन्ही हात दोन्ही कानांखाली गेले.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "एवढा राग," ती पुटपुटली. "वर्ष झालं तरी एवढा राग."

आणि नेमक्या त्याच क्षणी, ठरवलेलं सगळं मोडून, अलकनंदाच्या डोक्यातला दवाखाना उघडला. टॉन्सिलवाला पोरगा लिंबू पाहून रडत नाही. त्याला पाणी गिळतानाही दुखतं, दूधही दुखतं, आणि दुखतं ते आत, घशात. आंबट दिसल्याबरोबर, गिळायच्या आधीच, कानाखाली कळ येते ती वेगळ्याच पोरांना.

"गुरुजी, मफलर काढा," ती म्हणाली.

गुरुजींनी मौनातच मफलर सोडला. डावा गाल कानापासून जबड्याखालपर्यंत तट्ट फुगलेला होता. उजवाही मागोमाग निघालेला. डाव्या कानाची पाळी सुजेने वर उचलून बाहेर ढकलली होती. अलकनंदाने बोटांनी जबड्याचा कोपरा चाचपला, तर कोपरा सापडेना. सुजेत बुडाला होता.

"आता आ करा."

"अगं, मौन आहे त्यांचं," आत्या म्हणाली.

"आ करणं म्हणजे बोलणं नव्हे."

"नव्हे कसं? आ हा स्वर आहे."

"आवाज न काढता आ करतील."

"मग चालेल," आत्याने न्याय दिला.

गुरुजींनी कण्हत, जेमतेम दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडलं. अलकनंदाने तोंडाला पदर लावला आणि परागच्या मोबाइलच्या उजेडात पाहिलं. टॉन्सिल जागच्या जागी होते, गुलाबी, बापडे निरपराध. ना सूज, ना पांढरे ठिपके. मग तिने चमच्याच्या दांड्याने गाल आतून बाजूला केला. वरच्या दाढेसमोर, जिथे लाळेची नळी तोंडात उघडते, तिथे लालभडक टिंब फुगून बसलं होतं.

"गालगुंड," ती म्हणाली. "टॉन्सिल नाही. इकडचे लोक गलसुआ म्हणतात ते. पाठाला येणाऱ्या मुलांत कोणाचा गाल सुजला होता?"

गुरुजींनी मौनाचा आणि गालाचा दोन्हींचा विचार केला आणि मौन सोडलं. "हृषीकेशचा. दोन-अडीच आठवडे झाले. मी जवळ बसवून संथा दिली त्याला." मग ते खिन्नपणे म्हणाले, "मी बोललो. श्राद्ध मोडलं."

"लहानपणी झालं नव्हतं तुम्हाला?"

"आमच्याकडे सगळ्यांना झालं. मी तेव्हा काशीला होतो."

"त्या गोळ्या बंद करा, विषाणूवर त्यांचा उपयोग नाही. दुखण्या-तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, मऊ भात. आंबट काही नको. आणि सूज आल्यापासून पाच दिवस घराबाहेर पडायचं नाही. पाठ नाही, मुंज नाही, श्राद्ध नाही. फार डोकं दुखलं, उलट्या झाल्या, पोटात दुखलं, तर लगेच दवाखान्यात." ती जरा अडखळली. "मोठ्या माणसाला कधी कधी आणखी खालीही सूज येते. आली तर लाजत बसू नका."

"खाली म्हणजे कुठे?" आत्याने विचारलं.

गुरुजींना समजलं होतं. ते मफलर गुंडाळू लागले.

"कोणाला झालं नव्हतं इथे?" अलकनंदाने विचारलं. सगळ्यांना लहानपणी होऊन गेलं होतं. आत्याने तर दोनदा झाल्याचं ठासून सांगितलं, आणि ते खोडायला आज कोणाला वेळ नव्हता.

मग ती आईसमोर जाऊन बसली. "आई, ऐक. कानापुढे लाळेची गाठ असते. आंबट दिसलं, वास आला, की ती लाळ सोडायला लागते. आपल्याला तोंडाला पाणी सुटतं ना, तेच. यांची गाठ सुजली आहे, त्यामुळे पाणी सुटायला गेलं की कळ येते. म्हणून चटणीला त्रास आणि खिरीला कमी. तू लोणचं दाखवलंस म्हणून फक्त दुखलं. बाबांचा यात काही संबंध नाही. कोणीही रागावलेलं नाही."

आईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. "नक्की?"

"नक्की. मी रोज बघते."

"अच्छा," आई म्हणाली.

दाराशी गुरुजी चपला घालत होते. एवढ्या कळांतही त्यांचं शास्त्र सुटलं नव्हतं. "पराग, पितरांच्या जागीही चट मांड. पान नवीन वाढा. मंत्र तुझ्या मोबाइलवर आहेतच. शेवटी तृप्तीचं विचारशील, आणि उत्तरही तूच दे. दर्भाला गालगुंड होत नाही," असं म्हणून ते हसायला गेले, आणि कान धरून फाटकाबाहेर पडले.

गुरुजींचं पान उचललं, जागा पुसली, नवा चट मांडला. दर्भाच्या चार काड्या, वर गाठ. आईने पुन्हा सगळं पहिल्यापासून वाढलं. भात, आमटी, वडे, खीर, चटणी. चटणी ठेवल्यावर तिचा हात जरा थांबला. चट तसाच होता.

आत्या परत भिंतीला टेकून बसली. विचारायला समोर कोणी नव्हतं.

अलकनंदाला वाटलं, आता आईच्या छातीवरचा धोंडा उतरला असेल. ती तिच्या शेजारी सरकली. आई चटाकडे पाहत होती, जेवायला बसलेल्या माणसाकडे पाहावं तशी.

"हा काही तोंड वाकडं करत नाही," आई म्हणाली.

"नाही."

"मघाशी करत होते."

"आई, ते गुरुजी होते."

"माहीत आहे गं. समजावलंस की तू." आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "रागावलेले का होईना, समोर बसल्यासारखं वाटलं."

परागने मोबाइल कानाला लावून मंत्र ऐकला आणि तसाच म्हणून चटाला तृप्तीचं विचारलं. मग घसा खाकरून, दुसरीकडे बघत, त्याने स्वतःच उत्तर दिलं. झालं. आता घराने जेवायचं होतं.

आई उठली नाही. तिने बरणी ओढली, एक फोड काढली आणि चटाच्या पानावर, चटणीच्या बाजूला ठेवली. मग गुडघ्यांवर हात ठेवून ती तशीच बसून राहिली. अलकनंदाने वाढायला घेतलेला भात पातेल्यात परत ठेवला आणि तीही बसली. तिला ठाऊक होतं की काही होणार नाही. तरी आईइतकंच लक्ष लावून ती त्या काड्यांकडे पाहत राहिली.