ठरवून विसरलेले शब्द

शाळेत भाऊ तिला सगळ्यांसारखा "सिस्टर" म्हणायचा आणि घरी "ताई". दोन्ही हाकांना ती सारख्याच मायेने ओ द्यायची. ती शाळेच्या दवाखान्यातली नर्स, तो मुलींच्या फुटबॉल संघाचा कोच, आणि त्याची तेरा वर्षांची लेक त्या संघाची गोलकीपर. तिच्या हातून बॉल क्वचितच सुटायचा, म्हणून सगळी शाळा तिला भिंत म्हणायची.

सोळा दिवसांपूर्वी ही भिंत गोलच्या खांबावर डोकं आपटून खाली बसली. बेशुद्ध पडली नाही, पण "स्कोअर काय झाला?" हे तिने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा उत्तर विसरली. सिस्टरने तिला तिथेच मैदानाबाहेर काढलं. भाऊ म्हणाला, "पाच मिनिटं बसू दे, मग बघू." सिस्टर म्हणाली, "पाच मिनिटं नाही, आज अजिबात नाही." डॉक्टरांनी तपासून निदान केलं: मेंदूला हादरा. सिस्टरने भावाला कागदावर लिहून दिलं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, झटका आला, हातपाय लुळे वाटले किंवा पोरगी उठवूनही नीट जागी होईना, तर मला फोन करत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. यातलं काही झालं नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

त्यानंतर सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. पहिले दोन दिवस विश्रांती, मोबाइल जवळपास बंद, घरातल्या घरात थोडं चालणं. मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण शाळा. मग हलकी सायकल, मग पळणं, मग कुणाचा धक्का लागणार नाही असा सराव. एका पायरीवर किमान एक दिवस, आणि डोकं दुखलं की मागच्या पायरीवर परत. दर वेळी सिस्टर विचारायची, "दुखतंय?" आणि भाची म्हणायची, "नाही गं आत्या." तीन दिवसांनी अंतिम सामना होता. उद्या डॉक्टर बघणार, त्यांनी लेखी होकार दिला की अंगाला अंग भिडवायचा सराव, आणि तोही सोसला तर सामना.

डॉक्टर बघणार ते सिस्टरच्या कागदावरून. हंगामाच्या सुरुवातीला, मुली ठणठणीत असताना, ती प्रत्येकीची चाचणी घ्यायची. दहा शब्द वाचून दाखवायचे, किती आठवतात ते लिहायचं, मग उलटे आकडे, मग एका पायावर तोल. डोक्याला लागलं की नव्या शब्दांची यादी घेऊन पुन्हा तेच. सुरुवातीला भिंतीला चार शब्द आठवले होते. आज पाच.

म्हणजे उत्तमच. सिस्टरने कागद पाकिटात घातला, आणि तिचा हात थांबला. ज्या पोरीला सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर तोंडपाठ, तिला ठणठणीत असताना चार शब्द?

तिने कपाटातून संघाची फाईल काढली. चार, पाच, चार, चार, पाच. अकरा मुली, आणि एकीचीही मजल पाचापुढे नाही. त्या दिवशी या सगळ्या फिदीफिदी हसत होत्या, तेव्हा तिला वाटलं होतं, वयच तसं. बारावा कागद संघात उशिरा आलेल्या मुलीचा होता. तिची चाचणी झाली तेव्हा भाऊ रजेवर होता. तिला नऊ शब्द आठवले होते.

सिस्टरने फाईल मिटली. कुणी शिकवल्याशिवाय अकराजणी मिळून विसरत नाहीत. आणि शिकवणारा एकच माणूस होता, ज्याच्या शाळेतल्या लबाड्या तिने आईपासून लपवल्या होत्या, ज्याच्यासाठी मार खाल्ला होता. त्याने तिचा केसाने गळा कापला होता, आणि रोज सकाळी तिच्याच टेबलावर बसून चहा पीत होता.

तिने दोघांनाही बोलावून घेतलं. भाची टोपी डोळ्यांवर ओढून आत आली आणि ट्यूबलाइटकडे पाठ करून बसली. आठवडाभर ती अशीच बसत होती. सिस्टरला ते आत्ता दिसलं, आणि स्वतःची चीड आली.

"हे काय आहे?" तिने फाईल भावापुढे आपटली.

त्याने पानं चाळली आणि चक्क हसला. "सापडलं होय! अगं ताई, त्यात एवढं काय? एखादीला जरा लागलं की तू पंधरा पंधरा दिवस बसवून ठेवतेस. सुरुवातीचे मार्क कमी असले की पोरगी लवकर सुटते. इतर कोचही करतात असं."

"ते कागद मी डॉक्टरांना देते. माझ्या सहीने."

"मग कुणाचं वाईट झालं?"

"दुसऱ्यांदा लागलं म्हणजे? आधीचा हादरा बरा व्हायच्या आत? मेंदूला सूज येऊन मुलं जातात, माहितीये तुला? आणि ही परकी नाही रे, तुझी पोर आहे!"

"म्हणूनच सांगतो, ती बरी आहे. रोज बघतोय मी तिला." तो लेकीकडे वळला. "तिनेसुद्धा आज मुद्दामच पाच सांगितले असणार, सवयीने. ताई, तू नवी यादी काढ. नऊ आले की देशील ना तो कागद डॉक्टरांना?"

सिस्टरने तिसरी यादी काढली.

"आता लबाडी नको हं," भाऊ लेकीला म्हणाला. "आठवतील तेवढे सगळे सांग. आज सूट आहे."

सिस्टरने सावकाश वाचलं. पेन्सिल, खिडकी, चमचा, उशी, घोडा, टोपी, नदी, कुलूप, साबण, पंखा. मग तीच यादी पुन्हा, आणि पुन्हा.

भाचीने डोळे मिटले. "पेन्सिल. खिडकी. पंखा." ती थांबली. कपाळाला आठ्या पडल्या. "घोडा." ती बोटांवर मोजत राहिली. "नदी."

"पुढे?" भाऊ म्हणाला.

"एवढेच."

"अगं, आता खरं सांगायचंय."

"खरंच सांगतेय, बाबा." तिने टोपी आणखी खाली ओढली. "डोकं रोज दुखतं. सराव झाला की जास्तच. तुम्हीच म्हणालात, सामना होईपर्यंत आत्याला सांगायचं नाही."

सिस्टरने उठून दिवा मालवला आणि पडदा ओढला. पाकिटातला कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली, मग फाईलमधल्या त्या अकरा कागदांवरही. बारावा तेवढा तिने बाजूला ठेवला. "सराव आजपासून बंद. डॉक्टरांकडे आत्ताच जायचं, आणि हे सगळं मी त्यांना आणि मुख्याध्यापिकांना सांगणार आहे. माझी चूकसुद्धा."

भावाने ऐकलंच नाही. तो लेकीसमोर उकिडवा बसला होता, आणि लहानपणी ताईने परीक्षेआधी पाठ करून घ्यावं तसा हळू आवाजात सुचवत होता. "आठव ना राणी. कुलूप... साबण... उशी..."

पोरीने डोळे उघडून बापाकडे पाहिलं.

"हे होते त्यात?"