मातांचे अज्ञान

आमच्या बदलापूरच्या अध्यापिका विद्यालयात शिकवणं मराठीत, पुस्तकं मात्र इंग्रजी. त्यामुळे पाठाखालचे चर्चेचे प्रश्न मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आधीच्या बाईंनी केलेला हा एक नमुना बघा: ‘ग्रामीण बालकांच्या अनियमित उपस्थितीस कारणीभूत घटकांची चर्चा करून उपाययोजना सुचवा.’ अहो, असं कोण बोलतं? पण मुली त्यावर फडाफडा लिहायच्या. दारिद्र्य, शेतीची कामं, मातांचे अज्ञान. जवळच्या खरवई गावच्या विठानंही तेच लिहिलं होतं, सुरेख अक्षरात.

विठा विधवा, दोन लेकरांची आई. वर्ष पुरं झालं की शिक्षिका होणार होती. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, चुलीत गेली ती उपाययोजना. मूळ प्रश्नाला काय हवंय ते पाहिलं आणि नव्यानं लिहिलं: ‘तुमच्या ओळखीचं कोणतं मूल शाळेत येत नाही? त्या वेळी ते काय करत असतं? त्याला शाळेत आणायला शिक्षिकेनं काय करावं?’

प्राचार्य चिंतामणीपंत वाचून म्हणाले, “सुनंदाबाई, हे विद्यालय आहे, पाणवठा नव्हे.”

“पाणवठ्यावर बायका खरं तरी बोलतात, पंत!”

वर्गात खरंच बोलल्या. सुहासिनीनं गुरं राखणाऱ्या पोराचं सांगितलं. मग विठा उठली.

“माझी बनू. धाकट्याला सांभाळत घरी बसते.”

उमाचं उत्तर तयारच होतं. “शिक्षिकेनं मुलीच्या आईला भेटून समजवावं.”

“भेटा की,” विठा म्हणाली. “मी हितंच हाय.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी पुस्तक चाळलं. पालकांना भेटावं, एवढंच त्यात होतं. पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून विठा आली नाही. धाकट्याला वर्गात आणू द्या म्हणून मी पंतांशी भांडले. “नियम मी केलेत का हो?” ते म्हणाले, आणि त्यांचाही चेहरा पडला होता.

शेवटी मी खरवईला गेले. विठा दुसऱ्याच्या शेतात भात कापत होती. धाकटा बांधावर मातीत खेळत होता.

“बनू शाळंत गेली, बाई,” ती हसून म्हणाली.

“आणि तुझं काय गं? परीक्षा तोंडावर आली. एवढा अभ्यास केलास, आता तो पाण्यात घालणार? उद्यापासून ये बघू!”

“येते. मंग बनूला घरी बसवू?”

धाकट्याला कोणी सांभाळेल का म्हणून मी शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळं विचारून पाहिलं. प्रत्येकाला तिचं ‘नाय’ तयार होतं. मला रडूच फुटलं.

“रडू नका, बाई. तुमची चूक नाय,” विठानं विळा पुन्हा हातात घेतला. “पन जुना प्रश्न बरा व्हता. तो कळत नव्हता.”