सात पुस्तकांची मुदतवाढ

बाईंच्या नोकरीचे सतरा दिवस उरले होते. गुडघ्यांनी मात्र त्याच्या कितीतरी आधीच राजीनामा देऊन टाकला होता. शाखा वाचनालयात एकतीस वर्षं काढली. कचेरीच्या कागदावर पद ग्रंथपालाचं, पगार कारकुनाचा आणि काम तिघांचं. झाडूवाली आली नाही की चौघांचं. पहिल्या मजल्यावरची ही लांबट खोली, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि खिडकीशी एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कण्हत जास्त असे. त्यालाही बाईंनी कधी नावं ठेवली नाहीत. आपलं तरी वेगळं काय चाललंय, असं त्यांना वाटे.

त्या सोमवारी दुपारी घाईबाई धापा टाकत जिना चढून आली. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. ती दवाखान्यात मदतनीस होती, दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात सगळं जग उरकायची. तिनं दोन रहस्यकथा टेबलावर टाकल्या.

"बाई, उशीर झाला, माहीत आहे. भाषण नको, दंड सांगा."

बाईंनी देवघेवीची वही उघडली. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परतीची मुदत, प्रत्यक्ष परत, दंड. रकाने डोळे मिटून भरता येतील इतके ओळखीचे झाले होते. मुदत चौदा दिवसांची. ती उलटून नऊ दिवस झाले होते. त्यात दोन रविवार, आणि वाचनालय बंद असलेल्या दिवसाचा दंड धरायचा नाही असा नियम.

"सात दिवस, दिवसाला रुपया, पुस्तकं दोन. चौदा रुपये."

"चौदा रुपयांत चहा झाला असता की हो माझा," असं म्हणत तिनं पैसे मोजून ठेवले आणि खुंटीला टांगलेली मागणी वही ओढली. जे पुस्तक वाचनालयात नाही ते कुणाला हवं असेल तर त्या वहीत लिहायचं. घाईबाई तीन वर्षं एकच पुस्तक लिहीत होती: नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं मार्गदर्शक. बाजारात त्याची किंमत तिच्या आठवड्याच्या पगाराएवढी होती.

"पुन्हा लिहितेस?" बाईंनी विचारलं.

"मी एकटी कुठं, दवाखान्यातल्या चौघी-पाचजणी लिहितो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना. तुमचं तळं फारच खोल दिसतंय." ती हसली आणि आली तशी धावत गेली.

ती गेल्यावर बाईंनी सुस्कारा टाकला आणि एक काम उरकायला घेतलं. एक सोडून एक सोमवारचं हे काम. वहीत स्वतःच्या सभासद क्रमांकापुढच्या सात पुस्तकांसमोर 'परत' लिहायचं, आणि खाली नव्या सात ओळींत तीच सात पुस्तकं पुन्हा स्वतःच्याच नावावर द्यायची. पुस्तकं समोर नव्हतीच. सात वेळा मनगट दुखलं एवढंच.

गोष्ट साधी होती. सभासद वारला की घरचे अनामत परत मागायला यायचे. पण मयताकडे पुस्तक असलं तर ते परत आल्याशिवाय अनामत सुटत नसे, आणि ज्या घरात माणूसच सापडत नाही तिथं पुस्तक कुठून सापडणार? कचेरी मग मेलेल्या माणसाच्या नावानं स्मरणपत्रं धाडायची, त्यावर वाढता दंड असायचा. एकदा एका बाईनं तसलं पत्र आणून टेबलावर ठेवलं होतं आणि नुसती बघत उभी राहिली होती. त्या दिवसापासून बाई अशा सभासदाच्या ओळीत 'परत' लिहायच्या, पुस्तक आपल्या नावावर घ्यायच्या आणि अनामत सोडून द्यायच्या. दर पंधरवड्याला मुदतवाढ दिली की दंड लागत नाही आणि स्मरणपत्रही निघत नाही. असं करता करता सात साचली. सगळ्यांत अलीकडचं दीड वर्षापूर्वीचं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतले हिशेबनीस कार्यभार ताब्यात घ्यायला आले. बारीक अंगाचे, काटेकोर, पेन्सिलीला टोक काढूनच खुर्चीत बसणारे. तीन याद्या करायच्या होत्या: कुणाकडून किती दंड येणं आहे, कुठल्या सभासदाकडे आज किती पुस्तकं आहेत, आणि वर्षभरात सर्वांत जास्त मागणी कशाला. तिसरी यादी खरेदी समितीकडं जायची. त्यातली पहिली दहा पुस्तकं कचेरी विकत घ्यायची, आधीच असतील तर आणखी प्रती.

पहिली यादी संध्याकाळपर्यंत झाली. दुसऱ्या यादीसाठी ज्या ओळींत 'परत'चा रकाना कोरा आहे तेवढ्याच वेचायच्या होत्या. हिशेबनीसांची पेन्सिल थांबली.

"बाई, सभासदाला मर्यादा दोन पुस्तकांची. तुमच्याकडे सात?"

बाईंनी खरं सांगून टाकलं. खोटं रचायलाही अंगात त्राण लागतं, ते उरलं नव्हतं.

 हिशेबनीसांनी वही मागं मागं चाळली, प्रत्येक पंधरवड्याच्या त्या सात ओळींवर पेन्सिल टेकवत. चेहरा उतरत गेला.

"मागणीची यादी दरवर्षी मीच काढतो," ते म्हणाले. "दाखल क्रमांक किती वेळा वहीत आला ते मोजायचं, आणि मागणी वहीतल्या नोंदी त्यात धरायच्या. सभासदाचं नाव मी बघतच नाही. मुदतवाढीची ओळ आणि नव्यानं दिल्याची ओळ, दिसायला सारखीच. तुमची सातही पुस्तकं वर्षात सव्वीस-सव्वीस वेळा आलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिले सात नंबर त्यांचे."

बाई उठल्या, गुडघा धरत मागच्या कपाटापाशी गेल्या. मधमाश्यापालनाच्या चार कोऱ्या प्रती. जुन्या लघुलेखनाच्या तीन. कंदिलांच्या इतिहासाच्या पाच! दरवर्षी कचेरीतून हे गठ्ठे यायचे आणि बाई म्हणायच्या, कचेरीत कुणाचं तरी डोकं फिरलंय. मेलेल्यांची पुस्तकं होती ती. जिवंत माणसानं एकदाही हात न लावलेली. बाईंना हसू आलं, आणि ते अर्ध्यातच सुकलं.

"आठवा, नववा, दहावा नंबर कुणाचा?"

"चोवीस, बावीस, एकवीस. हे खरे वाचक. अकरावं ते नर्सिंगचं मार्गदर्शक, एकोणीस नोंदी. गेल्या वर्षी बारावं होतं, त्याआधीच्या वर्षी अकरावं. दरवेळी थोडक्यात हुकतंय."

बाई परत खुर्चीत येऊन बसल्या. कुणाचं वाईट करायचं म्हणून त्यांनी आयुष्यात एक रेघ ओढली नव्हती. आणि तीन वर्षं त्यांच्याच हातच्या रेघांनी त्या पोरीचं पुस्तक अडवून धरलं होतं.

हिशेबनीस माणूस वाईट नव्हता. पेन्सिल खिशात घालून ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघा. हजारामागे दोन पुस्तकं गहाळ धरायची सवलत आहे. सात त्यात सहज बसतील. मी मोजणीत गहाळ दाखवतो, तुमचं खातं मोकळं होतं. तुम्ही सुखानं घरी जा."

"आणि मागणीची यादी?"

"ती आहे तशी जाईल. त्या ओळी वगळायच्या तर कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की नोंदीत फेरफार म्हणून चौकशी लागते. चौकशी संपेपर्यंत निवृत्तिवेतन थांबतं. शिवाय नियमानं मुदतवाढ फक्त दोनदा चालते. त्यानंतरचा दंड पुस्तकाच्या किमतीएवढा होईस्तोवर चढतो. सातही तिथं कधीच पोचलीत. किमती सोळाशे चाळीस, दंड तेवढाच. बत्तीसशे ऐंशी रुपये तुमच्या खिशातून जातील."

बत्तीसशे ऐंशीचं बाईंना काही वाटलं नाही. वेतन थांबण्याचं मात्र फार वाटलं. घरी नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्या औषधवाल्याला उधारी हा शब्द ऐकू येत नसे. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू आधीच ठरवलंयस. मला कशाला विचारतेस?" बाईंना त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

सकाळी त्यांनी यादीखाली स्वतःच्या अक्षरात कारण लिहिलं, सात दाखल क्रमांक लिहिले आणि सही केली. हिशेबनीसांनी यादी नव्यानं मांडली. मार्गदर्शक चौथं आलं. कागद लिफाफ्यात घालताना ते म्हणाले, "खाली मीही लिहिलंय, की नाव न बघता मोजणारा मी होतो." बाईंनी मान हलवली. दोघंही दमले होते.

चौकशीचं पत्र आठ दिवसांत आलं. सरकारी कामाला एवढा वेग कधी येतो ते बाईंना एकतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. खरेदीची मंजुरीही आली. आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी घाईबाई पुस्तकं परत द्यायला आली.

"तुझं पुस्तक मंजूर झालं," बाई म्हणाल्या.

घाईबाईचा चेहरा खुलला नाही. "बरं झालं. त्या बाकीच्या पोरींना होईल. माझं आता नाही जमायचं, बाई. पस्तिशीची अट आहे. गेल्या महिन्यात ओलांडली मी."

"मग त्या सोमवारी लिहिलंस ते?"

"सवयीनं."

 तरी बाईंनी सांगून टाकलं. सात पुस्तकं, सव्वीस ओळी, अकरावा नंबर, सगळं. वही उघडून पुढ्यात ठेवली आणि ज्यांच्याकडून ती पुस्तकं आपल्या नावावर घेतली होती ते सात सभासदही दाखवले. "माझ्यामुळे अडलं तुझं पुस्तक. दुसऱ्या कुणामुळे नाही."

घाईबाई ओळी वाचत होती. तिचं बोट चौथ्या ओळीवर थांबलं. छापखान्यात खिळे जुळवणारा जुना जुळारी, कंदिलांचा इतिहास नेलेला.

"हे माझे सासरे."

बाईंना माहीत नव्हतं. अनामत न्यायला मुलगा आला होता, सूनबाईंनी स्वतःचं कार्ड पुढं काही महिन्यांनी काढलं होतं.

"आम्ही दहा दिवस घर उपसलं होतं त्या पुस्तकासाठी," ती म्हणाली. "नाही मिळालं. ह्यांनी येऊन सांगितलं, बाईंनी तशीच अनामत दिली, देवमाणूस आहे. त्याच पैशांतून मी परीक्षेची पहिली फी भरली, बाई. एरवी फॉर्मच भरला नसता." ती थांबली. "नापास झाले. अभ्यासाला पुस्तक नव्हतं."

खालच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. 

"आता मी तुमच्यावर चिडू तरी कशी?" घाईबाईचा आवाज चिरकला. "आणि नाही चिडले तर हे सगळं ठेवू कुठं?"

"चीड गं," बाई म्हणाल्या. "मी आहे अजून पाच वाजेपर्यंत. चिडून घे."

घाईबाईनं वही मिटली आणि त्यावर डोकं टेकून ती रडायला लागली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्यांना ठरवता येईना.