आठ इंची गादीचा आकडा

गाद्यांच्या कारखान्यात काकांच्या पाठीचा शब्द शेवटचा. तयार गादीवर ते पाच मिनिटं आडवे होत आणि टणकपणाचा आकडा सांगत. एक म्हणजे कापूस, दहा म्हणजे फरशी. त्यांची पुतणी तोच आकडा वेबसाइटवर टाकायची. शेजारी सरळ शब्दांत माहिती असे: जाडी आठ इंच, वर दोन इंच मेमरी फोम, खाली सहा इंच टणक फोम, तीस रात्री वापरून बघा, नाही पटली आणि कव्हरवर डाग नसेल तर परत.

ही गादी वर्षभर सहाची होती. आज काका उठून बसले आणि म्हणाले, "आठ."

"अहो काका, चार महिन्यांपूर्वीच्या खेपेला सहा होती!"

"फोमवाल्याने फसवलंय. लाकडावर झोपल्यासारखं वाटतंय."

मालकाने डोक्याला हात लावला. "दुपारपर्यंत खरा आकडा सांगा. चुकला तर यापुढे मशीन आणतो, तुमची पाठ बास झाली."

पुतणीने टेप काढला. पाठ गेली तर काकांकडे उरतं काय? तिने टेपने जाडी मोजली. आठ इंच, केसभरही फरक नाही. फोमवाल्याला फोन केला. त्याने फोम दाबून घेतलेल्या चाचणीचा कागद पाठवला, त्यातला आकडाही पूर्वीचाच. थंडीत मेमरी फोम कडक होतो, म्हणून खोलीत हीटर लावून तासभर वाट पाहिली. काका पुन्हा झोपले, पुन्हा आठ. गादी तीच, पाठ तीच, मग आकडा पळतो कुठे?

वैतागून तिने माल पोचवणाऱ्या धिप्पाड ड्रायव्हरला आडवं केलं.

"मस्त रुततंय की! पाच म्हणा," तो म्हणाला.

ती स्वतः झोपली. तिला आठच वाटली. हे काय चाललंय, म्हणत ती छताकडे बघत राहिली. ड्रायव्हर नव्वद किलोच्या पुढचा, ती जेमतेम पन्नास किलोची. जड माणूस गादीत रुततो, हलका वरच्या वर राहतो. एकाच गादीला दोघांचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

मग काकांना आठ का वाटावी?

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. रोज समोर असलेला माणूस आपण बघतच नाही. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती.

"काका, पार्सलच्या काट्यावर उभे राहा."

एकसष्ट. गेल्या वर्षी याच काट्यावर हसत उभे राहिले होते तेव्हा चौऱ्याऐंशी भरले होते.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

तिने वीस किलोचं सीलबंद पार्सल काट्यावर ठेवलं. बरोब्बर वीस भरलं. तिला रडू आलं आणि स्वतःचा संतापही.

तिने वेबसाइटवर सहा तसाच ठेवला आणि खाली भर घातली: वजन साठच्या आसपास किंवा कमी असेल तर ही गादी टणक वाटेल.

"मालकाला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"सहाच आहे, गादी ठीक आहे म्हणून सांगा. चपला घाला, डॉक्टरकडे जायचंय."

एरवी डॉक्टर म्हटलं की तासभर वाद घालणारे काका मुकाट्याने चपला शोधू लागले.