दातांतली पेन्सिल

शिंपीमामांची दोन कामं सोबत चालत, हातानं मापं घ्यायची आणि तोंडानं ढेकर द्यायचे. तेही थेट गिऱ्हाइकाच्या कानाशी! गेल्या महिन्यात मुख्याध्यापिकाबाई कोटासाठी गळ्याचं माप देता देता तडक निघून गेल्या आणि सगळ्या शाळेच्या गणवेशांचं काम हातचं जायची वेळ आली. मामांनी धसका घेतला. जितका धसका, तितके ढेकर. "गॅस आहे, निघालेला बरा," म्हणत ते सोडा प्यायचे आणि मुद्दाम जोर लावून ढेकर काढायचे.

शेवटी मामीनं त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"झोपेत येतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, झोपेत नुसते घोरतात," मामी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मामांच्या दातांत आडवी पेन्सिल दिली. "हं, आता काढा ढेकर."

मामांनी मान ताणली, डोळे वटारले. ढेकर काही येईना!

"बघा, तुमचे बहुतेक ढेकर पोटातून येतच नाहीत. तुम्ही नकळत हवा अन्ननळीत ओढता आणि लगेच बाहेर सोडता. तोंड असं उघडं राहिलं की ओढणं जमत नाही. उरलेली हवा पोटात जाते ती भराभर गिळण्यातून, जेवताना बोलण्यातून. आणि सोड्यात तर गॅसच असतो."

"म्हणजे इतकी वर्षं मी फुकट मेहनत केली?"

"गप्प बसून जेवा, हे मी लग्नापासून सांगतेय," मामी फणकारली. "पण मी पडले घरची!"

सोडा बंद झाला. घास चावून खाल्ला जाऊ लागला. दुकानात पेन्सिल दातांत गेली आणि पंधरा दिवसांत ढेकर जवळजवळ थांबले.

मग एक दिवस मुख्याध्यापिकाबाई शाळेच्या कारकुनाला घेऊन आल्या, शेवटची संधी म्हणून. मामीनं चहा दिला. बाई घाईत होत्या. कारकुनाला सूचना देत देतच त्यांनी कप घटाघटा रिकामा केला आणि मापाला उभ्या राहिल्या. मामांनी गळ्याला टेप लावली.

एवढ्यात दणदणीत ढेकर आला.

कारकुनानं वहीतून मान वर केली. मामीनं पडद्याआडून मामांकडे डोळे वटारले. बाई आरशात बघत राहिल्या, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेल्या.

मामांच्या दातांत पेन्सिल होती. आयुष्यात पहिल्यांदाच ते निर्दोष होते आणि पुरावा तोंडातच होता! काय सुख वाटलं म्हणून सांगू. घटाघट चहाचं शास्त्रही अगदी ओठांवर आलं होतं.

त्यांनी पेन्सिल काढली, हळूच खिशात टाकली.

"माफ करा हं बाई. माझी जुनी खोड."

बाईंनी श्वास सोडला. "असू द्या हो, होतं कधी कधी," त्या फार मायेनं म्हणाल्या आणि कारकुनाकडे वळल्या. "गणवेश यांच्याकडेच. लिहून घ्या."

बाई गेल्यावर मामी तावातावानं बाहेर आली. "पंधरा दिवस कळ काढली आणि आज नेमकी माती खाल्लीत!"

मामांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पुन्हा दातांत धरली.