पासष्टची मुंगी

आक्षेपांचा दिवस सुधाबाईंना वर्षात सगळ्यात नकोसा वाटायचा. निकालाची यादी फळ्यावर लागली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून पालक रांग लावत आणि प्रत्येकाला आपल्या मुलीचे दोन गुण तरी कुणीतरी खाल्लेत असं वाटत असे. नाशिकच्या या संस्थेत गावाकडच्या मुलींसाठी अकरावी-बारावीचं वसतिगृह होतं. खाटा चाळीस, म्हणून जागाही चाळीस. त्यासाठी चारशेबारा मुलींनी प्रवेशपरीक्षा दिली होती. गणिताची प्रश्नपत्रिका नेहमीप्रमाणे सुधाबाईंनीच काढली होती.

दुपारी तीनपर्यंत त्यांचे पाय भरून आले. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि ते कधी संपतात असं त्यांना झालं होतं. तेवढ्यात हरसूलची एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. नाव राखी. मागे तिची आई कुसाबाई, हातात पुठ्ठ्याचा एक खोका घेऊन. राखीला सत्तर गुण होते आणि यादी एकाहत्तरला संपली होती. म्हणजे ती एक्केचाळिसावी.

"प्रश्न अकरा, मॅडम," राखी म्हणाली. "ब भाग."

सुधाबाईंनी गठ्ठ्यातून तिचा पेपर काढला, प्रश्न बघायची तर गरजच नव्हती. द्राक्षांचा खोका, लांबी चाळीस, रुंदी पंचवीस, उंची वीस सेंटिमीटर. अ भागात आत मावणाऱ्या सगळ्यात लांब सरळ काडीची लांबी काढायची, म्हणजे इष्टिकाचितीचा कर्ण. तिन्ही मापांच्या वर्गांची बेरीज दोन हजार सहाशे पंचवीस, तिचं वर्गमूळ साधारण एक्कावन्न पूर्णांक दोन. ते राखीचं बरोबर होतं. ब भागात खालच्या कोपऱ्यातली मुंगी पृष्ठभागावरून चालत समोरच्या वरच्या कोपऱ्यात जाते, तिचा सगळ्यात जवळचा रस्ता किती? सव्वीस वर्षं त्या हे उदाहरण शिकवत होत्या.

"उत्तर पासष्ट आहे," त्या थकून म्हणाल्या. "समोरची बाजू आणि झाकण उलगडून एका पातळीत ठेवायचं. वीस आणि चाळीस मिळून साठ, आडवे पंचवीस. साठाचा वर्ग, पंचविसाचा वर्ग, बेरीज चार हजार दोनशे पंचवीस. वर्गमूळ पासष्ट. तू साठ पूर्णांक दोन लिहिलंयस."

"पण मॅडम, साठ पासष्टपेक्षा कमी हे ना?"

सुधाबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. कमी तर होतंच. मुलीने मुंगी खोक्याच्या आतून नेली असेल, असं आधी त्यांना वाटलं. पण आतून नेली असती तर एक्कावन्न आले असते, साठ नव्हे.

कुसाबाईंनी खोका टेबलावर ठेवला. हंगामात त्या पिंपळगावला द्राक्षं भरायला जात, तिथलाच पुठ्ठा आणून मायलेकींनी तो बरोब्बर मापाने कापला होता. "रोज हेच भरतो आम्ही, बाई," त्या म्हणाल्या. "पोरगी म्हनली, माझं चुकलं नाय. मग म्हनलं, दाखवून तरी येऊ. येवढ्या लांबून आलो, ऐकून घ्या."

राखीने खालच्या कोपऱ्यात टाचणी खोचून दोरा ओढला. सुधाबाई नेहमी काढत त्या आकृतीत खोक्याची अरुंद बाजू समोर असे. राखीने खोका फिरवून रुंद बाजू पुढे घेतली होती. दोरा त्या बाजूवरून तिरपा वर गेला, कोपऱ्यापासून सुमारे अठरा सेंटिमीटरवर वरची कड ओलांडली आणि झाकणावरून थेट समोरच्या कोपऱ्याला लागला. सुधाबाईंनी स्वतः मोजला. साठ आणि वर जरासा.

त्यांनी कागद ओढला. या बाजूने उलगडलं तर चाळीस एकीकडे, वीस आणि पंचवीस मिळून पंचेचाळीस दुसरीकडे. सोळाशे आणि दोन हजार पंचवीस, बेरीज तीन हजार सहाशे पंचवीस. वर्गमूळ साठ पूर्णांक दोन. तिसरीही उलगडून पाहिली, फक्त बाजूच्या भिंतींवरून जाणारी. ती अडुसष्ट. तिन्ही तपासून सगळ्यात लहान घ्यायचं, एवढं साधं होतं. पण पासष्ट इतकं साजरं, अपूर्णांकाविना आलेलं उत्तर, की ते पाहिल्यावर दुसऱ्या बाजूने बघायची बुद्धीच त्यांना कधी झाली नव्हती. प्रश्नपत्रिका तपासणाऱ्या दोघा शिक्षकांनाही झाली नव्हती. सुधाबाईंना मनापासून लाज वाटली.

"तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर बसा. मी सगळे पेपर पुन्हा बघते."

कुसाबाई खोका उचलूनच बाहेर गेल्या. पुरावा सोडून जायला त्या काही तयार नव्हत्या.

तीन गुणांचा ब भाग बहुतेक मुलींनी कोराच सोडला होता, म्हणून काम तासाभरात झालं. साठ पूर्णांक दोन आणखी दोघींनी लिहिलं होतं, त्या दोघीही आधीच यादीत वर होत्या. पासष्ट एकोणीस जणींनी लिहिलं होतं. त्यांतल्या चौघी यादीत होत्या, तिघींना तीन गुण गेल्याने काही फरक पडत नव्हता. चौथी वेदिका, इगतपुरीची. तिचे बहात्तर होते, ते एकोणसत्तर होत होते.

सुधाबाई पेपर हातात धरून बसून राहिल्या. वेदिका त्यांचीच विद्यार्थिनी. दर रविवारी गाडीने येऊन त्यांच्याकडे शिकायची. आकृतीसुद्धा सुधाबाईंच्या हातची वाटावी अशी काढली होती, अरुंद बाजू समोर आणि कोपऱ्यात मुंगीचा ठिपका.

परीक्षाप्रमुख वेणीमाधव सरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "यादी लागून गेलीय, सुधाताई. दोन्ही उत्तरं धरू या. उत्तरसूची आपली होती, मुलींचे गुण कशाला कापायचे?"

"मग राखी आत येते आणि यादीतली शेवटची आभा बाहेर जाते," सुधाबाई म्हणाल्या. "तिने तर काही चुकीचं लिहिलंच नाही, कोरं सोडलंय. माझ्या विद्यार्थिनीला वाचवायला तिला घालवू का?"

एक खाट वाढवता येईल का, हेही विचारून झालं. नव्हतं येत. शेवटी सुधाबाईंनी नोंदवहीत लिहिलं, उत्तरसूचीत चूक, योग्य उत्तर तीन हजार सहाशे पंचवीसचं वर्गमूळ, चूक प्रश्न काढणारीची. खाली सही केली. राखीला बोलावून त्र्याहत्तर गुण सांगितले, तेव्हा ती हसली आणि कुसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सुधाबाईंना त्यांच्या आनंदात सामील व्हायचं होतं. त्राणच उरलं नव्हतं.

मग त्यांनी इगतपुरीला फोन लावला. हे काम कारकुनावर टाकता आलं असतं. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही.

"पण मॅडम," वेदिका म्हणाली, "मी तर तुमच्या आकृतीसारखंच केलं होतं."

"तसंच केलं होतंस बाळा. आकृतीच चुकलेली होती."

"मग कसं करायचं होतं?"

सुधाबाईंनी सांगितलं. चाळीस एकीकडे, वीस आणि पंचवीस मिळून दुसरीकडे. फोनमधून कागद उलटल्याचा आणि पेन चालल्याचा आवाज आला. मुलगी गणित करत होती, मधूनच नाक ओढत होती.

"साठ पॉइंट दोन," ती शेवटी म्हणाली. "हो मॅडम, तिचंच बरोबर आहे."