मास्तरांची तंगडी

मास्तरांनी मांजरावर आळ घेतला तो सोमवारी, आणि शनिवारपर्यंत तो छान टिकला.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. वय चौऱ्याहत्तर, वजन छप्पन्न किलो, आणि जीभ मात्र कात्रीला लाजवेल अशी. पन्नास वर्षं त्यांनी पॅन्ट आणि कोट शिवले आणि शिवलेला कपडा स्वतः स्कूटरवरून गिऱ्हाइकाच्या दारी नेऊन दिला. "कपडा अंगावर चढताना बघितला नाही, तर शिवला कशाला?" असं ते म्हणत. खरं कारण थोडं वेगळं होतं. घरोघरी गप्पा मारायला मिळत, आणि घरी यायला कितीही उशीर झाला तरी "बटण लावायचं राहिलं होतं" एवढं सांगितलं की भागत असे.

सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या फाटकापाशी मास्तरांची स्कूटर आडवी झाली. तीन कुंड्या फुटल्या. मास्तर तेव्हा दारात उभे राहून पॅन्टची शिवण दाखवत होते, त्यामुळे त्यांच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मांजरानं उडी मारली. सीटवर. धडाम्!"

"केवढं होतं मांजर?" बायकोनं विचारलं.

"होतं आपलं... खात्यापित्या घरचं."

त्यांची लेक शाळेत गणित शिकवायची. एकशे अठरा किलोची स्कूटर पाडायला किती किलोचं मांजर लागेल, याचा तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि स्कूटरची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. मग तिनं अट घातली, "बाबा, ही स्कूटर आता नको. नवी घेऊ, तुम्हाला झेपेल अशी. पण दुकानात माझ्यासमोर एकट्यानं तीन वेळा मेन स्टँडवर लावून दाखवायची. नाही जमलं तर गाडी चालवणं बंद. कपडे पोचवायचे असतील तेव्हा माझ्यामागे बसायचं."

"तुझ्यामागे? तू तर गिऱ्हाइकाच्या दारात हॉर्न वाजवतेस!"

"तेच तर."

लेकीच्या मागे कपड्याची पिशवी मांडीवर धरून बसलेले आपण, आणि पुढून "बाबा, आटपा" असा हॉर्न. मास्तरांच्या डोळ्यांपुढे हे चित्र आलं आणि रात्रभर हललं नाही. त्यात भर म्हणजे एक गोष्ट त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. गेलं वर्षभर त्यांनी मेन स्टँड लावलाच नव्हता. लावता येत नव्हता.

शनिवारी तिघं स्कूटरच्या दुकानात पोचली. मास्तरांच्या गळ्यात नेहमीची टेप होती.

"ती कशाला?" लेक म्हणाली.

"माप न घेता आयुष्यात काही विकलं नाही. विकत कसं घेऊ?"

टाय लावलेला विक्रेता पुढे आला. मास्तरांचं लक्ष मात्र केव्हाच मधोमध उभ्या असलेल्या काळ्या, रुंद छातीच्या स्कूटरकडे गेलं होतं. उंच काच, जाड सीट, समोर दोन दिवे. एखाद्या नवरदेवाचा कोट असावा तशी ती उभी होती.

"ही!" मास्तर म्हणाले.

त्यांनी टेप सोडली. जमिनीपासून सीटपर्यंत साडेएकतीस इंच. मग खिशातून त्यांनी मापांची जुनी वही काढली. तिच्या पहिल्याच पानावर त्यांचं स्वतःचं माप होतं. "माझी आतली तंगडी तीस इंच. बुटाचा तळ एक इंच, आणि बसल्यावर सीट दबते ती अर्धा इंच. साडेएकतीस! जमलं की. मापात बसते."

"वा, काका!" विक्रेता खूश झाला. "बसून बघा ना."

बसायचं कसं, हा पहिला प्रश्न होता. त्या स्कूटरला पाय ठेवायची जागा सपाट नव्हती. मधे चांगला गुडघाभर उंचवटा होता, त्यावरून पाय सरळ पलीकडे जाईना. मास्तरांनी मागून टांग टाकायचा प्रयत्न केला. टांग सीटपर्यंत गेली आणि तिथंच विचारात पडली. शेवटी विक्रेत्यानं गाडी धरली, लेकीनं बाबांना धरलं, आणि मास्तर चढले एकदाचे. खाली बघितलं तर दोन्ही बुटांची नुसती टोकं जमिनीला शिवत होती. टाचा हवेत.

"अहो," बायको लाडानं म्हणाली, "तुमच्या टाचा कुणाची वाट बघतायत?"

"सीट रुंद आहे. मांड्या फाकतात, तिथं इंचभर जातो."

"आणि बाकीचा?"

बायकोनं त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. "उतरा खाली. उभे राहा."

"अगं, भर दुकानात?"

"पन्नास वर्षं गावाच्या तंगड्या मोजल्यात तुम्ही. आज तुमची पाळी."

मास्तर उभे राहिले. बायकोनं टेप लावली, डोळे बारीक केले आणि एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "साडेअठ्ठावीस!"

"चूक! टेप ताणलीस."

"गुडघे सरळ करा म्हणजे वाढेल."

मास्तरांनी गुडघे सरळ केले. म्हणजे, त्यांना वाटलं केले. गुडघे होते तिथंच राहिले, किंचित वाकलेले.

"वहीत कधीचं माप आहे, बाबा?" लेकीनं वही उघडली. पानावर कोपऱ्यात तारीख होती. तेव्हा मास्तर चाळीस वर्षांचे होते. दुसऱ्या कुणाचं वर्षभरापूर्वीचं मापही मास्तर कधी धरत नसत. "माणूस बदलतो हो, परत माप द्या," असं म्हणून पोटाचा घेर मोजत. स्वतःला मात्र त्यांनी चौतीस वर्षांत टेप लावली नव्हती.

"कापड आकसलं," मास्तर पुटपुटले आणि काळ्या स्कूटरकडे पाठ फिरवून उभे राहिले.

लेकीनं लगेच आपली निवड पुढे केली. तिनं घरूनच ठरवलं होतं. सगळ्यांत हलकी, त्र्याऐंशी किलोची, लाल. "वजन कमी म्हणजे सांभाळायला सोपी. साधं गणित आहे."

तिच्यावर मात्र पाय ठेवायच्या जागेतून सहज पाय पलीकडे घालून चढता आलं. टाचाही टेकल्या. मास्तर दुकानामागच्या आवारात तिच्यावरून एक फेरी मारायला निघाले. तिथं दुरुस्तीचं काम करणारा मिस्त्री एका चाकाशी झटत बसला होता. मास्तर त्याच्यासमोरच्या खड्ड्यातून गेले आणि हँडल त्यांच्या हातात असं थरथरलं की टोपी डोळ्यांवर आली.

मिस्त्री उठला. त्याच्या अंगातली पॅन्ट मास्तरांनीच शिवलेली होती. "मास्तर, हिची चाकं लहान आहेत. लहान चाक खड्ड्यात पूर्ण बुडतं, मोठं चाक वरून जातं. आपल्या रस्त्यांवर पुढचं चाक बारा इंचांचं घ्या. ही आत उभी आहे ना, करडी? वजन एकशे दोन किलो. पण सीट साडेएकोणतीस इंच, समोरून निमुळती, आणि पाय ठेवायला सपाट पाट."

"एकशे दोन!" लेक म्हणाली. "त्र्याऐंशी झेपत असताना एकशे दोन कशाला?"

"ताई, वजन किती, एवढंच बघू नका. कुठं आहे तेही बघा. वजन खाली असलं आणि पाय टेकत असले, तर गाडी माणसाच्या अंगावर येत नाही. भरलेली बादली हातात खाली धरली तर चालता येतं. डोक्याच्या वर धरून चाला बघू."

गणिताच्या बाईंना हे पटलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"जुनीला काय झालं?" मिस्त्रीनं विचारलं.

"मांजरानं पाडली," लेक म्हणाली.

"कुठं?"

"फाटकासमोर. उतार आहे तिथं," बायकोनं सांगितलं.

"साइड स्टँडवर होती? आणि तोंड उताराकडे?" मिस्त्री हसला. "मग मांजर कशाला हवं! बिनगिअरच्या गाडीला गिअरमध्ये टाकून ठेवता येत नाही. ब्रेकचा खटका लावला नाही, तर ती आपोआप पुढे सरकते, स्टँड मिटतो आणि गाडी झोपते. चढाकडे तोंड करायचं आणि खटका लावायचा."

दोघींनी एकदम मास्तरांकडे बघितलं. मास्तर आकाशातला एक ढग निरखत होते.

"अहो, त्या मांजराचा रंग कोणता म्हणालात?"

"आता... दिसलं नाही नीट."

"आणि मेन स्टँड का नाही लावला?" लेकीनं विचारलं. या प्रश्नात थट्टा नव्हती. मास्तरांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, परत केली.

"होत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं."

बायको मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "करडी बाहेर काढा हो."

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर स्टँड घसरतो, म्हणून मिस्त्रीनं ती आवारातल्या सपाट काँक्रीटवर आणली. मास्तर चढून बसले. टाचा टेकल्या. एक फेरी मारली. त्याच खड्ड्यातून गेले, टोपी जागच्या जागी. आता स्टँड.

मास्तर गाडीच्या डाव्या अंगाला उभे राहिले. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या दांडीवर. दात ओठ खाऊन त्यांनी गाडी मागे ओढली. गाडी हलली नाही. परत ओढली. मास्तर तेवढे वाकले.

लेकीनं पर्स उघडली. आत जुनी किल्ली वाजली.

"थांबा," मिस्त्री म्हणाला. "मी हात लावत नाही, ताई, फक्त बोलतो. मास्तर, डावी बोटं बघा. ब्रेक धरून ठेवलाय तुम्ही. गाडी पडेल म्हणून धरताय, पण स्टँडवर चढताना गाडीला जरा मागे जावं लागतं. सोडा. आणि हातानं ओढू नका. शिवणाचं मशीन हातानं चालवता का?"

"पायानं."

"मग? पायानं स्टँड दाबा. त्याचे दोन्ही पाय एकदम टेकले, असं वाटलं की त्यावर चक्क उभे राहा. अंगात पन्नासेक किलो तरी आहेत ना? ते वापरा. हात नुसते वाट दाखवायला."

मास्तरांनी बोटं सोडली. उजवा बूट स्टँडच्या पट्टीवर ठेवला. पन्नास वर्षं मशीनचा पाटा दाबलेलं ते पाऊल होतं. चवडा कधी दाबायचा, टाच कधी, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. टक्, स्टँडचे दोन्ही पाय टेकले. मास्तर पट्टीवर उभे राहिले आणि गाडी कुरकुरसुद्धा न करता वर चढून बसली.

"एक!" बायको ओरडली.

दुसऱ्यांदा लेकीनं बारकाईनं बघितलं. मिस्त्रीचे हात पाठीमागे होते. तिसऱ्यांदा मास्तरांनी मान वळवून लेकीकडे बघत गाडी लावली आणि वर भुवई उडवली.

"आता तू लाव," ते म्हणाले.

लेकीनं दोन्ही हातांनी जोर करून ओढली. नाही चढली.

"ब्रेक सोड," मास्तर म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाच्या दारात हॉर्न वाजवायचा नाही."

लेक हसली. पर्समधून जुनी किल्ली काढून तिनं बाबांच्या हातावर ठेवली. "करडी घेऊ. ही मिस्त्रींना द्या, जुनी बदल्यात जाईल. आणि मांजराची माफी मागा."

घरी आल्यावर मास्तरांनी वहीचं पहिलं पान उघडलं. तीसवर काट मारली, आणि बायको चष्मा पुसतेय असं बघून हळूच एकोणतीस लिहिलं.

"साडेअठ्ठावीस," चष्मा न लावताच ती म्हणाली.

"अर्धा इंच शिवणीत असू दे गं," मास्तर म्हणाले आणि वही मिटून टाकली.